क्राप्फेनच्या कमरेचा पट्टा

व्हिएन्नात जानेवारीचा पहिला आठवडा सरला की बेकऱ्यांच्या काचेमागे क्राप्फेनचे ट्रे लागतात. ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होण्यापूर्वीचे खाण्यापिण्याचे, नाचगाण्याचे दिवस म्हणजे फाशिंग, आणि त्या दिवसांचं हे पक्वान्न. यीस्टने फुगवलेल्या, अंड्यांच्या बलकांनी पिवळसर झालेल्या पिठाचा बिनभोकाचा गोल डोनट. आत जर्दाळूचा जॅम, वर पिठीसाखर. जर्मनीत आणि पोलंडमध्येही याची भावंडं आहेत, पण मी तळायला शिकले ते व्हिएन्नात, त्यामुळे इथे लिहिते आहे ते तिथलंच.

इथली जाणती माणसं क्राप्फेन हातात घेतल्यावर आधी त्याची कड बघतात. वरचा आणि खालचा भाग तांबूस-तपकिरी, आणि मधोमध, बरोबर कमरेवर, सगळीकडून फिरलेला फिकट, जवळजवळ पांढरा पट्टा. त्याला इथे रान्फ्टल म्हणतात. तो साधारण बोटभर रुंद आणि चहूबाजूंनी सारखा असला तर माणसं समाधानाने मान हलवतात. नसला तर खातात, पण बोलतात. आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या आजी तर पट्टा नसलेल्या क्राप्फेनला क्राप्फेन म्हणायलाच तयार नसतात. "पट्टा दिसायला बरा म्हणून नाही बघत आम्ही," त्या मला म्हणाल्या होत्या. "तो असला की आत काय आहे ते चावायच्या आधीच कळतं."

हे वाक्य अक्षरशः खरं आहे. तेलाच्या तापमानाबद्दल जे काही सांगायचं आहे, ते त्या पट्ट्याच्या हिशोबातूनच नीट समजतं.

तर हिशोब असा. ५० ग्रॅमचा उंडा तेलात सोडला की तो तरंगतो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं तेल बाजूला सारते, हे शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व. १७० अंशांवर तापलेलं तेल पाण्यापेक्षा बरंच हलकं असतं, म्हणून ५० ग्रॅमचा उंडा साधारण ६० मिलिलिटर तेल बाजूला सारतो. उंडा कितीही फुगला तरी त्याचं वजन फारसं बदलत नाही, त्यामुळे तेलात बुडलेला भाग ६० मिलिलिटरच्या आसपासच राहतो. बदलतो तो उरलेला, तेलाबाहेरचा भाग.

आता समजा, उंडा नीट फुगून तळताना त्याचं आकारमान १७० मिलिलिटर झालं. म्हणजे त्याचा एक तृतीयांशाहून जरासा जास्त भाग तेलात आहे. एक बाजू तळली, उलटवला, दुसऱ्या बाजूचाही तेवढाच भाग बुडाला. मधला पाव हिश्श्याहून जरासा जास्त भाग दोन्ही वेळा तेलाच्या वरच राहिला. त्याला लागली ती फक्त वाफ आणि आतून येणारी उष्णता, म्हणून तो शिजला, पण रंगला नाही. हाच पट्टा. आणि समजा, उंडा फुगलाच नाही, ११० मिलिलिटरवर थांबला. मग अर्ध्याहून जास्त भाग तेलात. उलटवला की दोन्ही बाजूंचे तपकिरी भाग मध्ये एकमेकांवर चढतात आणि पट्ट्याला जागाच उरत नाही. म्हणजे पट्टा दिसतो तेव्हा आपण खरं तर आतला हलकेपणाच बाहेरून मोजत असतो. जड, दाट, मध्ये चिकट राहिलेल्या डोनटला पट्टा येणारच नाही. आजी म्हणत होत्या ते हेच.

मला ही गोष्ट फार आवडते. तळणीत एवढा सच्चा दाखला क्वचित मिळतो. पुरी टम्म फुगते, पण तेलकट आहे की नाही ते ती बाहेरून सांगत नाही.

हलकेपणा दोन ठिकाणी येतो: अर्धा ओट्यावर, अर्धा तेलात. ओट्यावरचं थोडक्यात सांगते. अर्धा किलो मैदा, २२० मिलिलिटर कोमट दूध, ५ बलक, ८० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, २१ ग्रॅम ताजं यीस्ट किंवा ७ ग्रॅम कोरडं, दोन मोठे चमचे रम आणि एका लिंबाची किसलेली साल. पीठ मऊ, तुकतुकीत आणि भांड्यापासून सुटं होईपर्यंत मळायचं, तासभर फुगू द्यायचं, मग ५० ग्रॅमचे वीसेक उंडे करायचे. उंडा वळताना वरची त्वचा ताणून घट्ट बसली पाहिजे आणि सगळा जोड खाली एका बिंदूत आला पाहिजे. जोड खाली ठेवून, पीठ भुरभुरवलेल्या कापडावर ते मांडायचे, तळव्याने किंचित दाबायचे आणि झाकून पुन्हा फुगू द्यायचे. साखर यापेक्षा वाढवू नये, कारण जास्त साखरेचं पीठ आत शिजायच्या आधीच रंग धरतं. गोडवा जॅम देतोच.

दुसरी फुगवण कधी पुरी झाली, हे घड्याळ सांगत नाही. पीठ लावलेल्या बोटाने कडेला हलकं दाबायचं. खड्डा झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू, अर्धवट भरून आला तर तळायची वेळ झाली. तसाच राहिला, किंवा उंडा सुस्कारा टाकल्यासारखा बसला, तर उशीर झाला. अशा उंड्यातल्या हवेच्या भिंती इतक्या पातळ झालेल्या असतात की तेलात तो आधी रुंद होतो आणि बाहेर काढल्यावर सुरकुततो. शेवटची दहा मिनिटं वरचं कापड काढून ठेवायचं, म्हणजे वर किंचित कोरडी, पातळ त्वचा धरते. उचलताना त्या त्वचेमुळे उंड्याचा आकार टिकतो आणि तिच्यातून तेलही सहज आत शिरत नाही.

आता तेल. आजी थर्मामीटर वापरत नाहीत. त्या लाकडी चमच्याचा दांडा तेलात उभा धरतात आणि भोवती बारीक, सतत बुडबुडे आले की समजतात. मी थर्मामीटर वापरते, आणि सगळ्यांनी वापरावा असं माझं ठाम मत आहे, कारण दांडा "तापलं" एवढंच सांगतो. १६० आणि १८० यांत तो फार फरक करत नाही, आणि क्राप्फेनचं सगळं बरंवाईट याच वीस अंशांत ठरतं. मला हवे असतात १७० अंश, आणि ते १६५ ते १७५ यांमध्येच हवेत.

तेल १९० वर असलं तर उंड्याचा बुडालेला भाग काही सेकंदांत कडक होतो. आतलं पीठ अजून गार असतं, त्यातला वायू प्रसरण पावायचा असतो, पाण्याची वाफ व्हायची असते, आणि त्यांना पसरायला जागाच राहत नाही. आकारमान वाढत नाही, म्हणून उंडा खोल बसतो, म्हणून पट्टा अरुंद होतो. मिनिटभरात रंग गडद होतो, आपण घाबरून लवकर काढतो, आणि मध्यभागी कच्चं पीठ राहतं. तेल १५० वर असलं तर उलट होतं. कवच धरायला इतका वेळ लागतो की उंडा आधी चपटा पसरतो, वायू निसटतो, आणि रंग येईपर्यंत तो दुप्पट वेळ तेलात पडून राहतो. तोवर त्याच्या मऊ, न धरलेल्या त्वचेत तेल मुरतं. त्यातही सर्वात जास्त पितो तो पट्ट्याचाच भाग, कारण तिथे कवच सर्वात नाजूक असतं. अशा क्राप्फेनचा पट्टा पांढरा नसतो. पिवळट, जरा पारदर्शक असतो आणि बोटाला चकाकी लागते.

म्हणजे तापमान पट्टा काढत नाही. उंड्याने आणलेला हलकेपणा ते एक तर वाढवतं, नाही तर वाया घालवतं.

स्थिर ठेवायचं म्हणजे काय, हे मला सगळ्यात उशिरा उमगलं, आणि ते भांड्याशी संबंधित आहे. २४ सेंटिमीटरचं जाड बुडाचं सपाट पातेलं, त्यात दोन लिटर तेल, म्हणजे चारेक सेंटिमीटर खोली. पातेलं निम्म्याहून जास्त कधीच भरायचं नाही. आपली गोल बुडाची लोखंडी कढई करंज्यांना उत्तम, पण इथे अडचण करते: तेल मध्ये खोल आणि कडेला उथळ असतं आणि वरचा पृष्ठभाग लहान पडतो. क्राप्फेनला खोलीपेक्षा ऐसपैस तरंगायला जागा हवी असते. एकमेकांना चिकटून तरंगणारे उंडे कलतात, आणि पट्टा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला गायब होतो.

दोन लिटर तेलात एका वेळी तीन उंडे. तळून होईपर्यंत हे तीन उंडे पीठ तापवायला आणि थोडं पाणी उडवायला तेलाकडून जेवढी उष्णता घेतात, ती जर खालून परत मिळालीच नाही, तर तेल सुमारे पंधरा अंशांनी उतरेल. सहा सोडले तर तीस अंश. १७० वरून १४०. कोणत्याही घरगुती शेगडीला एवढा खड्डा लगेच भरून काढता येत नाही. तीनच का, याचं उत्तर या हिशोबात आहे. घाई झाली तरी चौथा सोडू नये.

आणि आच आगाऊ बदलावी लागते. मी १७५ ला पहिले तीन सोडते आणि सोडण्याच्या जरा आधीच आच वाढवलेली असते. पारा १६५ च्या आसपास जाऊन थांबतो आणि हळूहळू वर चढतो. दुसरी बाजू अर्धी झाली की आच कमी करते, कारण क्राप्फेन बाहेर काढल्यावर तेलाची उष्णता घेणारं कोणी उरत नाही आणि रिकामं तेल बघता बघता १८५ वर पोचतं. व्हिएन्नातल्या बऱ्याच घरांत काचेच्या पृष्ठभागाच्या विजेच्या शेगड्या असतात. त्या बंद केल्या तरी मिनिटभर तापतच राहतात, म्हणून तिथे हे सगळं आणखी थोडं आधी करावं लागतं. गॅसवर आच लगेच ऐकते. त्या बाबतीत आपल्याकडची स्वयंपाकघरं जास्त सोयीची आहेत.

आता प्रत्यक्ष एक घाणा. उंडा दोन्ही हातांनी, पीठ लावून, अलगद उचलायचा आणि वरची गुळगुळीत बाजू खाली करून तेलात सोडायचा. लगेच पातेल्यावर झाकण. तळताना झाकण ठेवायचं, हे ऐकून आपल्याकडच्या कोणाचाही हात थबकेल. पण इथे झाकणाला काम आहे. तेलाबाहेरचा अर्धा भाग अजून कच्चा असतो. झाकणाखाली वाफ कोंडली की तो भाग ओला आणि गरम राहतो, त्याची त्वचा कोरडी पडत नाही, आणि त्यालाही फुगायला मिळतं. झाकण नसेल तर खालची बाजू फुगते आणि वरची आक्रसलेलीच राहते. मग उलटवल्यावर क्राप्फेन तेलात खोल बसतो आणि पट्टा जातो.

अडीच-तीन मिनिटांनी झाकण उघडायचं. ते तिरकं करायचं नाही. सपाट धरूनच बाजूला न्यायचं, कारण आतल्या बाजूला साचलेलं पाणी तेलात पडलं तर तेल उसळतं. खालची बाजू मधाच्या रंगाची झाली असेल तर लाकडी काडीने कडेला हलकं ढकललं की तो स्वतःहूनच उलटतो. यानंतर झाकण ठेवायचं नाही. आणखी अडीच मिनिटं. या वेळात झाऱ्याने तेल वर उडवायचं नाही आणि क्राप्फेन दाबायचाही नाही. पुरीवर तेल उडवून उडवून आपला हात इतका सरावलेला असतो की तो आपोआप पुढे होतो, पण इथे प्रत्येक उडवलेला थेंब पट्ट्यावर तपकिरी डाग ठेवतो. शिजला का म्हणून काडी टोचून बघायचीही नाही. खात्री करायची असेल तर प्रत्येक घाण्यात नाही, पहिल्याच घाण्यातला एक बाहेर काढून फोडून बघावा. सुईचा थर्मामीटर असेल तर त्याच एकाच्या मध्यात खुपसावा. ९३-९५ अंश दिसले की शिजला.

टोचायचं का नाही, याचं कारण तेलकटपणाच्या मुळाशी आहे, आणि तेल कधी आत जातं हे बहुतेकांना उलटं वाटतं. उंडा तेलात असताना त्याच्यातून सतत वाफ बाहेर येत असते. ते बुडबुडे म्हणजे बाहेर ढकलणारी वाफच. ती चालू आहे तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाटच नसते. क्राप्फेन बाहेर काढला की चित्र बदलतं. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आतला दाब उतरतो, आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल कवचाच्या बारीक छिद्रांतून आत ओढलं जातं. जास्तीत जास्त तेल पिण्याची वेळ ही, गॅसवरून उतरल्यानंतरची. टोचलेलं भोक असेल तर तेलाला थेट मध्यापर्यंत रस्ता मिळतो.

म्हणून बाहेर काढल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. क्राप्फेन जाळीदार झाऱ्यावर घेऊन पातेल्यावरच काही सेकंद धरायचा, एकदा कडेवर कलवायचा, म्हणजे तळाशी गोळा झालेला थेंब गळून जातो. मग कागदावर एक बाजू, लगेच दुसरी बाजू, आणि तिथून तारेच्या जाळीवर. कागदावरच सोडून दिला तर तो स्वतःच्याच तेलात आणि वाफेत बसून राहतो. एकावर एक तर कधीच रचू नयेत. आजी हे सगळं न बोलता करतात आणि त्यांचे हात या अर्ध्या मिनिटात जितके चपळ असतात तितके दिवसभरात कधी दिसत नाहीत.

तेल जुनं असेल तर यातल्या कशाचाच पुरेसा उपयोग होत नाही. वारंवार तापवलेल्या तेलात असे घटक तयार होतात की ते ओलसर पिठाला जास्त चिकटतं आणि सहज आत मुरतं. फेस येणारं, घट्ट, गडद झालेलं तेल क्राप्फेनला वापरूच नये. पूर्वी इथे डुकराची चरबी किंवा कढवलेलं लोणी, म्हणजे आपलं तूपच, वापरत. तुपात तळलेले क्राप्फेन गार झाल्यावर बोटाला कोरडे लागतात, कारण वरचं तूप थिजतं. तेलकटपणा तेवढाच असला तरी जाणवत कमी. रोजच्या घरी मी रिफाइंड सूर्यफुलाचं तेल घेते; महाराष्ट्रात असते तर रिफाइंड शेंगदाणा तेल घेतलं असतं. पिठातली रम मात्र मी सोडत नाही. अल्कोहोल लवकर उडतं आणि त्यामुळे तेल कमी शिरतं, असं इथल्या सगळ्या आज्या सांगतात. मला तिचा वास हवा असतो.

मध्यभाग ओलसर लागला की सगळे म्हणतात "तेल प्यायलंय." नेहमी तसं नसतं. फोडलेल्या क्राप्फेनचा मधला तुकडा कागदावर दाबून बघावा. कागद पारदर्शक झाला तर ते तेल: आच मंद होती, किंवा जोड उघडला होता, किंवा उंडा जास्त फुगून फाटला होता. कागद कोरडा राहिला आणि तुकडा मात्र बोटाला चिकटला तर ते कच्चं पीठ: आच जास्त होती. हे तपासून घ्यायलाच हवं, कारण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कच्च्याला तेलकट समजून कोणी आच आणखी वाढवली तर पुढचा घाणा अजून कच्चा निघेल.

जॅम आधी भरायचा की नंतर, यावर आजींशी माझे मतभेद आहेत. त्यांच्या लहानपणी पिठाच्या दोन चकत्यांमध्ये जॅम ठेवून कडा दाबून तळत. चव छान येते, कबूल. पण कड बरोबर पट्ट्याच्या जागी येते आणि एकही जोड सुटला की जॅम तेलात आणि तेल आत. मी तळून, कोमट झाल्यावर लांब नळीच्या पिशवीने भरते, आणि नळी पट्ट्यातूनच खुपसते. तिथलं कवच मऊ असतं, चुरा होत नाही.

राहिला एक प्रश्न, ज्याचा विचार पाककृतींत सापडत नाही. वीस उंडे, एका वेळी तीन, एका घाण्याला साडेसहा-सात मिनिटं. म्हणजे सात घाणे आणि पाऊण तास. पहिले तीन अगदी वेळेवर तेलात गेले असतील तर शेवटचे दोन चाळीसेक मिनिटं जास्त फुगत बसलेले असतात. तेलाचं तापमान कितीही स्थिर असो, ते सुरकुतणारच. म्हणून मी उंडे दोन पाळ्यांत वळते. अर्धं पीठ वळून फुगायला ठेवलं की उरलेलं अर्धं झाकून फ्रिजमध्ये, आणि ते वीस-पंचवीस मिनिटांनी काढून वळते. फेब्रुवारीत व्हिएन्नात फ्रिजही लागत नाही, खिडकीबाहेरचा कठडा पुरतो. पहिल्या पाळीतलेही जे फार लवकर फुगताना दिसतात ते कठड्यावर जातात, आणि तेलात सोडायच्या पाच मिनिटं आधी आत येतात, कारण गार उंडा तेलाचा पारा जास्त पाडतो.

मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात हे करायचं तर आणखी कडक राहावं लागेल. ३२-३३ अंशांना दुसरी फुगवण अर्ध्या तासातच आटोपते आणि पिठातलं लोणी सुटायला लागतं. तिथे एका वेळी पाव किलोच मैदा घ्यावा, दूध कोमट न करता गार वापरावं, आणि उंडे वळून झाले की लगेच तेल तापायला ठेवावं.